रेंज बरोबर, तरी तोटा

"आयर्न कॉन्डॉर म्हणजे फ्लॅटचं भाडं. बाजार वर्षातले आठ-नऊ महिने एका पट्ट्यातच फिरतो. पट्ट्याच्या बाहेरचे कॉल आणि पुट विकायचे, त्यापलीकडचे विकत घेऊन तोटा बांधून टाकायचा आणि महिनाअखेर प्रीमियम घरी न्यायचा. एखादी बाजू अंगावर आलीच, तर अ‍ॅडजस्टमेंट आहेच."

शनिवार-रविवारच्या ऑप्शन वर्गांत हे बोल मी इतक्या वेळा आणि इतक्या तोंडून ऐकले आहेत की आता त्यांना उत्तर द्यायलाच हवं. समोर बसणाऱ्यांत स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती असलेले असतात, तसे नोकरी सांभाळून मोबाइलवर सौदे करणारेही असतात. त्यांना दिला जाणारा हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यातून सुटलेला भाग नेमका पैसे बुडवणारा आहे.

आधी भाड्याची उपमा बाजूला ठेवू. भाडेकरू निघून गेला तर घरमालकाचं त्या महिन्याचं भाडं बुडतं. मागच्या तीन महिन्यांचं भाडं त्याला परत करावं लागत नाही. आयर्न कॉन्डॉरमध्ये नेमकं तेच करावं लागतं. वरच्या बाजूला एक कॉल विकलेला, त्याच्या 300 अंक वरचा घेतलेला. खालच्या बाजूला एक पुट विकलेला, त्याच्या 300 अंक खालचा घेतलेला. या चार पायांतून मिळून 75 अंक हाती आले, तर निफ्टी मधे राहिल्यास 75 मिळतात आणि एका बाजूने पूर्ण बाहेर गेल्यास 225 जातात. म्हणजे एका वाईट आठवड्यात तीन चांगल्या आठवड्यांची कमाई जाते. चारांपैकी तीन वेळा जिंकलात तर हाती शून्य, वर दलाली आणि कर.

इथे शिकवणारा म्हणतो, "पण जिंकण्याची शक्यता 75 टक्क्यांहून जास्त आहे. बाजार बहुतेक वेळ रेंजमध्येच असतो." बाजार बहुतेक वेळ रेंजमध्ये असतो हे समोरच्या खरेदीदारालाही ठाऊक आहे. म्हणूनच तो 300 अंकांच्या पट्टीसाठी 75 च देतो, 150 देत नाही. रेंजचा अंदाज प्रीमियममध्ये आधीच उतरलेला असतो. बाजार शांत झाला की इंडिया व्हिक्स खाली येतो, प्रीमियम आटतात आणि तेवढेच पैसे मिळवायचे तर विकलेले स्ट्राइक जवळ आणावे लागतात. बाजार खवळला की प्रीमियम फुगतात आणि स्ट्राइक लांब ठेवता येतात. तुमचा पट्टा व्हिक्सबरोबर आकुंचन-प्रसरण पावत असतो. त्यामुळे निफ्टी पट्ट्यात राहील का, हा प्रश्नच अपुरा आहे. प्रीमियममध्ये जितकी हालचाल गृहीत धरली आहे तिच्याहून प्रत्यक्षातली हालचाल कमी होईल का, हे विचारायला हवं. पुष्कळदा ती कमीच होते आणि ऑप्शन विकणाऱ्याची कमाई तिथूनच येते, हे मी मान्य करतो. नुसते कॉल-पुट उघडे विकण्यापेक्षा हेज घेऊन विकणं शतपटीने शहाणपणाचं, हेही मान्य.

माझा खरा वाद शेवटच्या वाक्याशी आहे: अ‍ॅडजस्टमेंट आहेच.

जून 2024 चा पहिला आठवडा घ्या. लोकसभेचा निकाल 4 जूनला, मंगळवारी लागायचा होता. 31 मे, शुक्रवारी निफ्टी 22,530 वर बंद झाला. त्या आठवड्याची निफ्टीची एक्स्पायरी गुरुवारी, 6 जूनला होती. तेव्हा ती गुरुवारी असे, सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी आली. समजा, तीन मित्रांनी शुक्रवारी एकसारखाच कॉन्डॉर बांधला. 23,500 चा कॉल विकला, 23,800 चा घेतला. 21,500 चा पुट विकला, 21,200 चा घेतला. निकालाच्या धास्तीने प्रीमियम फुगलेले होते, म्हणून हजार-हजार अंक लांब जाऊनही एकूण 75 अंक मिळाले असं धरू. हे आणि पुढचे प्रीमियमचे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. निफ्टीचे आकडे मात्र प्रत्यक्षातले आहेत. तेव्हा लॉट 25 चा होता. दहा लॉट, म्हणजे 250 नग. कमाल नफा 18,750 रुपये, कमाल तोटा 56,250.

गुरुवारी एक्स्पायरीला निफ्टी 22,821 वर बंद झाला. शुक्रवारपासून जेमतेम 290 अंकांचा फरक. पट्टा 21,500 ते 23,500 होता आणि निफ्टी त्याच्या जवळजवळ मधोमध. रेंजचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला. तिघांनाही पूर्ण 18,750 मिळायला हवे होते.

आता मधले दिवस पाहा. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले. सोमवारी निफ्टी वरच उघडला, 23,338 पर्यंत गेला आणि 23,263 वर बंद झाला, एका दिवसात 733 अंक वर. विकलेला 23,500 चा कॉल आता अडीचशे अंकांच्याही आत आला. वर्गात शिकवलेला नियम इथे लागू होतो: एक बाजू अंगावर आली की दुसरी, शांत असलेली बाजू जवळ आणायची आणि जास्तीचा प्रीमियम गोळा करायचा. पहिल्या दोन मित्रांनी तेच केलं. खालचा 21,500-21,200 चा पुट स्प्रेड आता स्वस्त झालेला, तो 12 अंकांना परत घेतला. त्याऐवजी 22,500 चा पुट विकला आणि 22,200 चा घेतला, त्याचे 47 मिळाले. पदरात 35 अंकांची भर पडली. एकूण जमा 110.

त्या संध्याकाळी त्यांनी कागदावर हिशेब केला असेल तर तो फार सुखावणारा होता. कमाल नफा 18,750 वरून 27,500 झाला. कमाल तोटा 56,250 वरून 47,500 वर आला. नफा वाढला, तोटा घटला, आणि व्हिक्सही त्या दिवशी खाली आलेला. मग गेलं काय? दोन हजार अंकांचा पट्टा हजार अंकांचा झाला. 35 अंकांच्या बदल्यात खालची हजार अंकांची मोकळी जागा त्यांनी विकून टाकली, आणि तीही निकालाच्या आदल्या दिवशी. व्हिक्स खाली आला म्हणून धोका टळला असं वाटलं. पण मतमोजणी अजून व्हायची होती. कार्यक्रमाची तारीख उलटण्यापूर्वी व्हिक्स खाली येणं आणि ती उलटून गेल्यावर खाली येणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात बाजाराने फक्त मत बदललेलं असतं. जे व्हायचं ते अजून समोरच असतं.

मंगळवारी मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी कोसळला. दिवसातला तळ 21,281, बंद 21,884. एका दिवसात 1,379 अंक, जवळजवळ सहा टक्के. वर आणलेला 22,500-22,200 चा पुट स्प्रेड पूर्ण आत गेला. एक्स्पायरीला दोन दिवस बाकी असल्याने त्याची किंमत पूर्ण 300 झाली नव्हती, 220 धरू. पहिल्या मित्राने हात वर केले आणि तो 220 ला परत घेतला. 110 मिळाले होते, 220 गेले. तोटा 110 अंक, म्हणजे 27,500 रुपये.

दुसरा शिस्तीचा होता. नियम म्हणतो, आता खालची बाजू अंगावर आली आहे, म्हणून वरची खाली आणायची. त्याने निरुपयोगी झालेला 23,500-23,800 चा कॉल स्प्रेड 2 अंकांना बंद केला आणि 22,500 चा कॉल विकून 22,800 चा घेतला. त्याचे 45 मिळाले. जमा आता 153. पण पट्टा उरलाच नाही. कॉल आणि पुट दोन्ही 22,500 वर विकलेले. पूर्ण नफा हवा तर निफ्टीला नेमक्या त्या आकड्यावर येऊन थांबावं लागणार. बुधवारी निफ्टी 22,620 ला आला. गुरुवारी 22,821. पुट शून्य झाले, पण 22,500-22,800 चा कॉल स्प्रेड पूर्ण 300 ला गेला. 153 वजा 300. तोटा 147 अंक, 36,750 रुपये. ज्याने नियम सर्वांत काटेकोरपणे पाळला त्याचाच तोटा सर्वांत मोठा.

तिसऱ्याने काहीच केलं नाही. त्याला 18,750 मिळाले.

यातून "मग काहीच करू नका" असा धडा काढायला लोक फार उत्सुक असतात. थोडं थांबा. तिसरा मित्र मंगळवारी दुपारी काय पाहत होता ते आधी डोळ्यांसमोर आणा. निफ्टी 21,281 ला असताना त्याने विकलेला 21,500 चा पुट 219 अंक आत होता आणि हेज म्हणून घेतलेला 21,200 फक्त 81 अंकांवर. पडद्यावर मोठा तोटा दिसत होता. मिळालेल्या प्रीमियमएवढा तोटा झाला की बाहेर पडायचं, असा स्टॉप त्याने लावला असता, आणि असा स्टॉप पुष्कळ वर्गांत लावायला सांगतात, तर तोही बाहेर फेकला गेला असता. तो तरला ते निफ्टी फिरला म्हणून. फिरण्याचं कोणतंही कारण त्याच्या आराखड्यात नव्हतं.

तो फिरला नसता तर काय झालं असतं, ते आधीच्याच डिसेंबरमध्ये पाहायला मिळालं होतं. पाच राज्यांच्या निवडणुकांचं मतदान 30 नोव्हेंबर 2023 ला संपलं. त्या दिवशी निफ्टी 20,133 वर होता आणि व्हिक्स 13 च्या खाली. म्हणजे बाजार निवांत, रेंजवाल्यांसाठी आदर्श वाटावा असा. साडेबारा टक्के वार्षिक हालचालीचं महिन्याला रूपांतर करायचं तर बाराच्या वर्गमुळाने, साधारण 3.46 ने भागतात. उत्तर सुमारे 3.6 टक्के, म्हणजे निफ्टीवर सव्वासातशे अंक. पुस्तकी पद्धतीने कॉन्डॉर असा बसतो: 20,900 चा कॉल विकायचा, 21,200 चा घ्यायचा, 19,400 चा पुट विकायचा, 19,100 चा घ्यायचा. प्रीमियम आटलेले, म्हणून जमा 70 अंक धरू. तेव्हाचा लॉट 50 चा, दहा लॉट म्हणजे 500 नग. नफा 35,000, तोटा 1,15,000.

3 डिसेंबरला, रविवारी, मोठ्या राज्यांचे निकाल लागले. सोमवारी निफ्टी दोन टक्के वर, 20,686. गुरुवारी 20,901, म्हणजे विकलेल्या कॉलच्या स्ट्राइकवरच. पुढच्या आठवड्यात अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने 2024 मध्ये व्याजदर कपातीचे संकेत दिले आणि निफ्टी आणखी वर गेला. 20 डिसेंबरला एकदाच जोराचा झटका बसला. निफ्टी 303 अंक पडून 21,150 वर बंद झाला, हेज म्हणून घेतलेल्या 21,200 च्या किंचित खाली. "बघा, परत येतोय" असं म्हणून थांबलेल्यांना त्या संध्याकाळी धीर आला असेल. मासिक एक्स्पायरी 28 डिसेंबरला होती. निफ्टी 21,778 वर बंद झाला, महिन्यात आठ टक्के वर. काहीच न करणाऱ्याचे पूर्ण 1,15,000 गेले.

या डिसेंबरमध्ये अ‍ॅडजस्टमेंट करणाऱ्याचं काय झालं? पुटची बाजू दोनदा वर आणून त्याने समजा एकूण 60 अंक जास्तीचे मिळवले. निफ्टी खाली आलाच नाही, म्हणून ते सगळे टिकले. तोटा 230 ऐवजी 170 अंक, म्हणजे 85,000 रुपये. तोटा झालाच, पण 30,000 वाचले.

दोन घटना शेजारी ठेवा. जून 2024 मध्ये ज्या नियमाने नफ्याचा तोटा केला, त्याच नियमाने डिसेंबर 2023 मध्ये तोटा कमी केला. आणि ज्या स्वस्थ बसण्याने जूनमध्ये पूर्ण नफा दिला, त्यानेच डिसेंबरमध्ये पूर्ण तोटा दिला. हा योगायोग नाही. शांत बाजू जवळ आणणं म्हणजे बाजार ज्या दिशेला निघाला आहे त्याच दिशेला चालू राहील किंवा तिथेच थांबेल यावर पैसे लावणं. काहीच न करणं म्हणजे तो मागे फिरेल किंवा तिथेच थांबेल यावर पैसे लावणं. कॉन्डॉर बांधताना तुम्ही म्हणालात की मला दिशेबद्दल काहीच म्हणायचं नाही. पण निफ्टी विकलेल्या स्ट्राइकपर्यंत पोहोचला त्या क्षणी तुम्हाला दिशेबद्दल मत द्यावंच लागतं. नियमाने अ‍ॅडजस्टमेंट केलीत, तर ते मत नियम बनवणाऱ्याने तुमच्या वतीने आधीच देऊन ठेवलेलं असतं, आणि बहुतेकांना ते दिलं गेल्याची खबरही नसते.

रेंजच्या सौद्यात पैसे जाण्याच्या प्रकारांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक हाच. एका प्रकारात बाजार पट्ट्याबाहेर जातो आणि येतच नाही. तिथे अंदाजच चुकलेला असतो. दुसऱ्यात बाजार दोन्ही भिंतींवर धडका देतो आणि मुक्कामाला बरोबर मधे येऊन बसतो. तिथे अंदाज बरोबर असतो आणि तरीही पैसे जातात. पहिल्यापासून वाचायचं तर लवकर बाहेर पडायला हवं किंवा बाजारामागे जायला हवं. दुसऱ्यापासून वाचायचं तर हलायचं नाही. एकाच नियमाने दोन्हींपासून संरक्षण मिळत नाही. जो तसं सांगतो त्याने या दोनपैकी एक महिना हिशेबातून वगळलेला असतो.

"मग दोन्ही प्रसंगांत फरक ओळखून वागायचं," असं यावर उत्तर येईल. अवश्य. काही खुणा खरोखर दिसतात. निकालासारखी घटना एक्स्पायरीच्या आत असेल, तर ती होऊन जाईपर्यंतची प्रत्येक हालचाल तात्पुरती समजावी. सोमवारची तेजी अंदाजावर आधारलेली होती, निकालावर नव्हती. डिसेंबरमध्ये उलट होतं. निकाल लागून गेल्यावर, नवी माहिती हाती आल्यावर निफ्टी वर निघाला आणि दिवसेंदिवस थोडा थोडा चढत राहिला. अशी संथ, सलग चाल रेंज विकणाऱ्याला जास्त घातक असते, कारण कोणत्याही एका दिवशी घाबरावं इतकं काही घडत नाही. पण एवढं सगळं ओळखता येणारा माणूस दिशेचा अंदाज बांधणाराच झाला. मग त्याने दिशा कळत नाही म्हणून कॉन्डॉर बांधला, हे म्हणणं सोडून द्यावं.

आता "तोटा मर्यादित आहे" या वाक्याकडे येतो, कारण सर्वांत जास्त धीर त्यानेच दिला जातो. एका कॉन्डॉरचा तोटा मर्यादित असतो, यात शंका नाही. मर्यादा नसते ती कॉन्डॉरच्या संख्येला. पाच महिने नियमित 35,000 मिळाले की सहाव्या महिन्यात दहाचे वीस लॉट होतात. हेज असल्यामुळे मार्जिन कमी लागतं आणि खात्यात जागा दिसते, म्हणून हे अगदी सहज घडतं. मग तोट्याचा महिना येतो तो सर्वांत जास्त लॉट असताना. वर्षाच्या शेवटी बारापैकी दहा महिने नफ्यात दाखवणारा माणूस एकूण तोट्यात असतो, आणि त्यात गणिताचं नवल काहीच नसतं.

मर्यादा आणखी एका ठिकाणी निसटते. चारही पाय शाबूत असतील तोवरच ती आहे. घाईत सौदा मोडताना लोक आधी नफ्यात आलेला, घेतलेला पाय विकून टाकतात. मंगळवारसारख्या दिवशी 21,200 चा पुट चांगला वधारलेला दिसतो. तो विकून नफा खिशात घालावा आणि विकलेला 21,500 थोडं सावरल्यावर बंद करावा, असा मोह होतो. तो पाय विकला त्या क्षणी मार्जिन उडी मारतं आणि तोट्याला तळ राहत नाही. मोडायचं असेल तर आधी विकलेला पाय परत घ्या, मग घेतलेला विका. आणि खोल आत गेलेल्या पायांचे खरेदी-विक्रीचे भाव अशा दिवशी इतके लांब पडलेले असतात की पडद्यावर दिसणारा तोटा आणि प्रत्यक्ष मोडताना होणारा तोटा यांत मोठं अंतर पडतं. वर्गातल्या नफा-तोट्याच्या आलेखात हे अंतर नसतं, कारण तो आलेख एक्स्पायरीच्या दिवसाचा असतो. तिथपर्यंत पोहोचेपर्यंत जे सोसावं लागतं त्याची रेघ त्यात काढलेली नसते.

एवढं सगळं सांगूनही मी कॉन्डॉर विकू नका असं म्हणत नाही. मी स्वतः विकतो. पण सौदा टाकण्याआधी वहीत तीन ओळी लिहितो. पहिली: या मुदतीच्या आत कोणती ठरलेली घटना आहे. असेल तर मी हात लावत नाही. फुगलेला प्रीमियम कोणी फुकट देत नसतं. दुसरी: गेल्या महिन्यात निफ्टी प्रत्यक्ष किती हलला, आणि आज व्हिक्स किती हालचालीचे पैसे देतोय. डिसेंबर 2023 च्या आदल्या दिवशी व्हिक्स 13 च्या खाली होता, म्हणजे पैसे कमी आणि भिंती जवळ. अशा वेळी चूक व्हायला फार थोडी जागा उरते. तिसरी: निफ्टी विकलेल्या स्ट्राइकवर आला तर मी दोनपैकी काय करणार, बाहेर पडणार की बसून राहणार. अ‍ॅडजस्टमेंटची जागा मी तिथे ठेवतच नाही. बसून राहणार असं लिहिलं असेल, तर पूर्ण तोटा झाला आहे असं समजूनच लॉट ठरवतो. माझ्या हिशेबात एका कॉन्डॉरचा पूर्ण तोटा खात्याच्या दोन टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. दहा लाखांचं खातं असेल तर वीस हजार. वर दिलेल्या जूनच्या उदाहरणात तेवढ्यात तीनच लॉट बसतात आणि पूर्ण नफा होतो साडेपाच हजारांच्या आसपास. या आकड्यावर कोणाचं घर चालणार नाही, हे मला ठाऊक आहे. वर्गात दाखवतात ते मासिक उत्पन्न या धोरणातून काढायचं तर लॉट वाढवावे लागतात, आणि लॉट वाढवले की डिसेंबर 2023 सारखा एक महिना पुरतो.

वर्गात बसला असाल तर एवढं करा. शिकवणाऱ्याला 28 डिसेंबर 2023 आणि 6 जून 2024 या दोन एक्स्पायऱ्यांच्या त्याच्या स्वतःच्या कॉन्ट्रॅक्ट नोट मागा. एक नव्हे, दोन्ही. आणि दोन्ही वेळी त्याने एकच नियम पाळला होता का, ते त्या कागदांवर तपासून मगच फी भरा.